भावाच्या जॉइनिंगचे कागद: फॉर्म ११ मध्ये कॉल सेंटरची तीन महिन्यांची नोकरी दाखवायची का?

मानेवाड्याची_ताई
नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ एक ऑक्टोबरला मिहानमधल्या एका आयटी कंपनीत रुजू होतोय. ऑफर लेटरच्या मागोमाग कागदांची ही लांबलचक यादी आली. आधार, पॅन, रद्द केलेला चेक, दहावीपासूनच्या मार्कशीट, आधीच्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटर, पीएफचा फॉर्म ११, पीएफचं नॉमिनेशन, ग्रॅच्युइटीचा फॉर्म एफ, इन्कम टॅक्सचा फॉर्म १२बी आणि शेवटी बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनचं संमतीपत्र. कुठला कागद कशासाठी, हे त्यालाही कळत नाही आणि मलाही.

खरी अडचण वेगळी आहे. कॉलेज संपल्यावर जून ते ऑगस्ट २०२२ तो आयटी पार्कजवळच्या एका कॉल सेंटरला होता. रात्रपाळी झेपेना, एक दिवस जाणं बंद केलं. राजीनामा नाही, लेटर नाही. ऑक्टोबर २०२२ पासून आत्तापर्यंत एकाच कंपनीत आहे आणि तिथले सगळे कागद व्यवस्थित आहेत. सीव्हीवर कॉल सेंटर नाही. पण तेव्हा पीएफ कापला होता, असं तो म्हणतो. आता फॉर्म ११ मध्ये काय लिहायचं?

बिनधास्त_वऱ्हाडी
ताई, कायले टेन्शन घेता? तीन महिन्याची नोकरी कोण पाहते! फॉर्म ११ मध्ये "आधी पीएफ सभासद नव्हतो" यावर टिक मारायची. नवीन कंपनी नवीन नंबर काढून देते, जुना नंबर तसाच पडून राहते. माझ्या दोन मित्रांनी असंच केलं, काही झालं नाही.

पगारपत्रक
मी एचआर ऑपरेशन्समध्ये आहे. असे गठ्ठे रोज हातावरून जातात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वऱ्हाडी भाऊ म्हणतात तसं पूर्वी होत असे. एकेकाचे दोन-दोन, तीन-तीन यूएएन, म्हणजे पीएफचे नंबर, असायचे. आता यूएएन आधारला जोडलेला असतो. सप्टेंबर २०२१ पासून आधार न जोडलेल्या यूएएनवर कंपनीला पीएफचा मासिक भरणाच करता येत नाही. आणि ऑगस्ट २०२५ पासून नवीन यूएएन उमंग ॲपवर चेहरा दाखवूनच निघतो. म्हणजे भावाने "नाही" लिहिलं तरी त्याचा आधार टाकताक्षणी जुना नंबर समोर येणार. त्याच्या सहीचा फॉर्म "नाही" म्हणतोय आणि पोर्टल "हो", असा कागद मग त्याच्या फाइलला लागतो.

एक गोष्ट आधी समजून घ्या. हे सगळे कागद एचआर मागते, पण वाचणारे वेगळे असतात. पॅन आणि १२बी पगार काढणारे वाचतात, इन्कम टॅक्ससाठी. चेक फक्त खातं क्रमांक आणि आयएफएससी बघायला लागतो. त्यावर आडवं CANCELLED लिहायचं, सही करायची नाही. फॉर्म ११ पीएफसाठी. मार्कशीट, रिलीव्हिंग लेटर आणि संमतीपत्र पडताळणी करणाऱ्या एजन्सीकडे जातात. आणि ही एजन्सी आजकाल सर्वात आधी काय बघते माहीत आहे? यूएएनची सर्व्हिस हिस्टरी. संमतीपत्रावर सही केली की बहुतेक वेळा तीही बघायची परवानगी दिलेली असते.

तेव्हा फॉर्म हातात घेण्याआधी भावाला पीएफच्या मेंबर पोर्टलवर लॉगिन करायला सांगा. `View` मध्ये `Service History` आहे. तिथे काय दिसतंय ते इथे लिहा. मग बोलू.

निवृत्त_उमरेडकर
चारित्र्य पडताळणीबद्दल कुणी बोलत नाही म्हणून लिहितो. माझ्या मुलाच्या वेळी पोलीस स्टेशनला अर्ज, फोटो, दोन प्रतिष्ठित व्यक्तींची नावं, सगळं लागलं होतं. हवालदार घरी येऊन शेजाऱ्यांना विचारून गेला. पोलीस पाटलाचा दाखलाही जोडला. ताईंनी आत्ताच मानेवाडा हद्दीतल्या ठाण्यात जाऊन चौकशी करावी, वेळ लागतो.

रात्रपाळी
काका, ते सरकारी नोकरीचं. खासगी कंपनीचं व्हेरिफिकेशन एजन्सी करते, पोलीस येत नाहीत. पोलीस दाखला वेगळा मागितला असेल तरच ऑनलाइन अर्ज करायचा, आणि ताईंच्या यादीत तो नाही.

पण घरी माणूस येऊ शकतो, हे खरं. माझी गंमत सांगतो. आधारवर पत्ता काटोलचा आणि राहायला मी नागपुरात. फॉर्मवर कायमचा पत्ता काटोल, सध्याचा खामला, असं नीट लिहिलं होतं. एजन्सीचा मुलगा काटोलला पोचला, आजी दारात होती. तिने सांगितलं, "तो नाही राहत इथं." खरंच बोलली बिचारी. रिपोर्टवर आलं, उमेदवार या पत्त्यावर राहत नाही. सगळं हिरवं, तेवढी एक ओळ पिवळी. एचआरने फोन केला, मी घराच्या टॅक्सची पावती आणि आईचं रेशन कार्ड पाठवलं, मिटलं. घरच्यांना आधीच सांगून ठेवा, "घर त्याचंच आहे, कामासाठी नागपूरला असतो" एवढं म्हणायचं. काही एजन्सी माणूस न पाठवता मोबाइलवर लिंक देतात. दारात उभं राहून फोटो काढायचा, लोकेशन चालू ठेवून. तेव्हा मुलगा त्या पत्त्यावर हजर असावा लागतो.

मानेवाड्याची_ताई
@पगारपत्रक, रात्री बसून पाहिलं. दोन ओळी दिसतात. दुसरी ओळ आत्ताच्या कंपनीची, ती बरोबर आहे. पहिल्या ओळीत कॉल सेंटरचं नावच नाही! पुण्याच्या कुठल्यातरी मनुष्यबळ पुरवणाऱ्या कंपनीचं नाव आहे. जॉइनिंग ६ जून २०२२. आणि सोडल्याची तारीख रिकामी. हे दुसऱ्याच कुणाचं खातं जोडलं गेलंय का?

पगारपत्रक
नाही, त्याचंच आहे. तो बसायचा कॉल सेंटरमध्ये, पण पगारपत्रकावर होता कंत्राटदाराच्या. पीएफ जो भरतो त्याचं नाव तिथे येतं. मुलांना हे माहीतच नसतं, कारण गळ्यातलं कार्ड कॉल सेंटरचं असतं. जुन्या बँक स्टेटमेंटमध्ये पगार कुणाकडून जमा झालाय ते बघा, तेच नाव सापडेल. व्हेरिफिकेशनच्या फॉर्मवर "नियोक्ता" म्हणून या कंत्राटदाराचंच नाव लिहायचं आणि कामाचं ठिकाण म्हणून कॉल सेंटरचं. उलटं लिहिलं तर एजन्सी कॉल सेंटरला विचारेल, ते म्हणतील आमच्या यादीत असा कुणी नाही, आणि खरी नोकरी खोटी ठरेल.

आता रिकाम्या तारखेबद्दल. तीन महिन्यांची नोकरी सीव्हीवर नसणं ही लहान गोष्ट आहे. पण तारीख रिकामी असल्यामुळे रेकॉर्ड सांगतंय, हा मुलगा जून २०२२ पासून आजपर्यंत त्या कंत्राटदाराकडे नोकरीला आहे आणि ऑक्टोबर २०२२ पासून दुसरीकडेही आहे. तीन वर्षं दोन नोकऱ्या! मूनलाइटिंगचा गाजावाजा झाल्यापासून एजन्सीवाले नेमकं हेच शोधतात. माझ्याकडे लाल शेरा मारून आलेल्या रिपोर्टांत हा प्रकार नेहमीचा. बहुतेकांनी दोन नोकऱ्या केलेल्याच नसतात, जुन्या मालकाने तारीख भरायची टाळलेली असते.

उपाय त्याच्याच हातात आहे. शेवटचा हप्ता जमा होऊन दोन महिने उलटले की सभासद स्वतः तारीख भरू शकतो. पोर्टलवर `Manage` मध्ये `Mark Exit`. तिथे कंत्राटदाराचं खातं निवडायचं, आत्ताच्या कंपनीचं नव्हे. ही चूक फार होते. मग पासबुक उघडून शेवटचा हप्ता कुठल्या महिन्याचा आहे ते बघायचं, कारण सोडल्याची तारीख त्याच महिन्यातली असावी लागते. आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. तारीख एकदा भरली की त्याच जागी बदलता येत नाही, म्हणून पासबुक समोर ठेवूनच भरा.

बिनधास्त_वऱ्हाडी
बरं, नंबर एकच राहते हे मान्य. पण पेन्शनचं काय? मले सांगितलं होतं का "आधी सभासद नाही" लिहिलं तर पेन्शनमध्ये पैसे जात नाहीत, सगळे पीएफमध्ये येतात. फायदाच ना!

पगारपत्रक
अर्धं बरोबर आहे, आणि म्हणूनच घोटाळा होतो. फॉर्म ११ मध्ये दोन वेगळे प्रश्न आहेत. पीएफ योजनेत आधी होतात का, आणि पेन्शन योजनेत होतात का. दुसऱ्याला लोक घाईत काहीही टिक करतात.

नियम असा. १ सप्टेंबर २०१४ नंतर जो पहिल्यांदाच सभासद होतो आणि ज्याचा मूळ पगार महागाई भत्त्यासकट १५ हजारांच्या वर आहे, त्याला पेन्शन योजनेत घेता येत नाही. आधीपासून पेन्शनचा सभासद असेल तर तो चालू राहतो. ताई, भावाचा मूळ पगार किती? कॉल सेंटरला किती होता?

मानेवाड्याची_ताई
आता २४,००० मूळ. कॉल सेंटरला ११,००० होता. पासबुकात पेन्शनचा वेगळा रकाना आहे, त्यात तीन महिने रक्कम दिसते.

पगारपत्रक
म्हणजे तो पेन्शनचा सभासद झालेला आहे. नव्या कंपनीने २४,००० वर पीएफ धरला तर तिचा बारा टक्क्यांचा वाटा होतो २,८८०. फॉर्मवर "हो" असेल तर त्यातले १,२५० पेन्शनला जातात आणि १,६३० पीएफला. "नाही" लिहिलं तर कंपनी सगळे २,८८० पीएफमध्ये टाकेल. आज बरं वाटेल. पण त्याच्या खात्यात आधीचे पेन्शनचे हप्ते आहेत, मध्येच ते बंद पडतात आणि नोंद फॉर्मशी जुळत नाही. ट्रान्स्फर किंवा क्लेमच्या वेळी पीएफ ऑफिस हे काढतं. मग मागच्या महिन्यांचे वाटे इकडून तिकडे करायचे, कंपनीने सुधारित चलन भरायचं, असं लांबण लागतं. उलटी चूकही तितकीच वाईट. पहिल्यांदाच नोकरीला लागलेला ३० हजार मूळ पगाराचा मुलगा "हो" टिक करतो आणि त्याचे १,२५० वर्षानुवर्षं अशा योजनेत जात राहतात, जिथे तो बसतच नाही.

दोन्हीला "हो", यूएएन तोच, आणि आधीचा सभासद क्रमांक आत्ताच्या कंपनीचा लिहा. भावाने तेच करावं.

कळमेश्वरची_मधुरा
फॉर्म एफ आणि नॉमिनेशनबद्दल माझा अनुभव टाकते, कारण हे फॉर्म सगळ्यांत घाईत भरले जातात. माझ्या नवऱ्याने लग्नाआधी नोकरी धरली तेव्हा दोन्हीकडे धाकट्या बहिणीचं नाव घातलं होतं. लग्न झालं, मूल झालं, कागद तसाच. गेल्या वर्षी त्याच्या एचआरने सगळ्यांचे नॉमिनेशन तपासले तेव्हा कळलं की लग्न झाल्यावर ते जुनं नॉमिनेशन कायद्याने रद्दच झालेलं असतं, नवीन भरावं लागतं. आम्ही समजत होतो, "आहे ना भरलेलं!" पीएफचं पोर्टलवर ई-नॉमिनेशन केलं, फोटो आणि आधार लागले. ग्रॅच्युइटीचा फॉर्म एफ मात्र कंपनीकडे कागदावर दिला, कारण ते पैसे पीएफ ऑफिस देत नाही, कंपनी देते. दोन्ही वेगळे. एक भरला म्हणजे दुसरा भरला, असं नाही.

सीए_फायनलवाला
१२बी कडे कुणी बघत नाहीये. ताई, भाऊ वर्षाच्या मध्ये नोकरी बदलतोय म्हणून हा फॉर्म आहे. एप्रिल ते सप्टेंबर जुन्या कंपनीने किती पगार दिला आणि किती टीडीएस कापला, ते नव्या कंपनीला सांगायचं.

एक उदाहरण घ्या. एकाला एप्रिल ते ऑगस्ट महिना एक लाख. सप्टेंबरपासून नव्या कंपनीत एक लाख तीस हजार. १२बी दिलाच नाही. जुनी कंपनी धरून चालली होती वर्षाचे १२ लाख. नवीन करपद्धतीत ७५ हजारांची प्रमाणित वजावट गेली की करपात्र रक्कम १२ लाखांच्या खाली, म्हणून टीडीएस शून्य. नवी कंपनी धरतेय सात महिन्यांचे ९ लाख १० हजार. तिथेही शून्य. खरं उत्पन्न ५ लाख अधिक ९ लाख १० हजार, म्हणजे १४ लाख १० हजार. वजावट एकदाच मिळते, राहिले १३ लाख ३५ हजार. त्यावर कर ८०,२५० आणि उपकर धरून ८३,४६०. हे सगळं रिटर्न भरताना एकदम, वर व्याज. वेळेत १२बी दिला असता तर सात महिन्यांत विभागून कापला गेला असता. पगार कमी असेल तर कर शून्यच येईल, पण फॉर्म द्यायचाच.

रात्रपाळी
हे घाबरवणारं गणित आहे राव. माझा पगार इतका नाही, म्हणून निवांत आहे.

मानेवाड्याची_ताई
नावाचा एक प्रश्न राहिला. दहावी-बारावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं. आधारवर फक्त नाव आणि आडनाव. पॅनवर तिन्ही. फॉर्मवर कुठलं लिहू?

पगारपत्रक
आपल्या महाराष्ट्रात हे घरोघरी आहे, एजन्सीवाल्यांनाही सवय आहे. नावांचा क्रम मागेपुढे झाला म्हणून कुणी अडवत नाही. ज्या फॉर्मचा जो वाचणारा, त्याच्या कागदावरचं नाव लिहा. पीएफच्या फॉर्मवर आधारप्रमाणे, टॅक्सच्या फॉर्मवर पॅनप्रमाणे, शिक्षणाच्या रकान्यात मार्कशीटप्रमाणे. अडतं कुठे? स्पेलिंग वेगळं असेल तर. एका कागदावर Wankhede आणि दुसऱ्यावर Wankhade, असं असेल तर पीएफ आणि पॅन आधारशी जुळत नाहीत. यूएएन ऑक्टोबर २०१७ नंतरचा आणि आधारने पडताळलेला असेल, तर पीएफमधलं नाव किंवा जन्मतारीख आता सभासद स्वतः पोर्टलवर दुरुस्त करू शकतो, कंपनीच्या मंजुरीशिवाय. पण आधी आधार बरोबर आहे ना, ते बघा. सगळं त्याच्याशी ताडून बघतात.

आणि आधारची प्रत द्यायची तर पीएफसाठी पूर्ण क्रमांक लागेल. नुसत्या ओळखीसाठी मागितली असेल तर मास्क केलेली चालते का, ते विचारा. अनेक कंपन्या घेतात.

मानेवाड्याची_ताई
तारीख भरली! पासबुकात शेवटचा हप्ता ऑगस्ट २०२२ चाच होता, म्हणून ३१ ऑगस्ट टाकली. दुसऱ्या दिवशी हिस्टरीत दिसायला लागली. आता सीव्हीचं काय? एचआरला आपणहून सांगायचं की विचारेपर्यंत गप्प बसायचं? घरात दोन मतं आहेत. बाबा म्हणतात गप्प बस.

रात्रपाळी
मी बाबांच्या बाजूने. ऑफर हातात आहे, रुजू होऊ दे. तारीख भरली म्हणजे ओव्हरलॅप गेला. विचारलं तर सांगायचं.

पगारपत्रक
मी उलट सांगेन. व्हेरिफिकेशनच्या फॉर्मवर बहुधा स्पष्ट लिहिलेलं असतं, गेल्या अमुक वर्षांतल्या सगळ्या नोकऱ्या द्या. खाली सही असते की माहिती खरी आणि पूर्ण आहे. सीव्हीवर नसलेलं चालून जातं, सीव्ही म्हणजे निवड केलेली माहिती. त्या फॉर्मवर नसलेलं चालत नाही, ते लपवणं धरतात. फॉर्म भरायच्या आधी एचआरला असा मेल टाका:

"जून ते ऑगस्ट २०२२ या काळात मी अमुक कंत्राटदारामार्फत अमुक ठिकाणी काम केले. कालावधी अल्प असल्याने सीव्हीमध्ये नमूद केलेले नाही. रिलीव्हिंग लेटर उपलब्ध नाही. पीएफ पासबुक आणि पगार जमा झाल्याचे बँक स्टेटमेंट सोबत जोडले आहे."

रात्रपाळीला वैतागून सोडलं वगैरे काही लिहू नका. एवढं पुरतं. एक मात्र आधीच सांगते. कंत्राटदाराच्या नोंदीत "न कळवता गैरहजर" असा शेरा असेल तर एजन्सीला ते तसं कळवू शकतात. मग कंपनी काय ठरवेल, ते पदावर आणि त्या एचआरवर आहे. फ्रेशर असतानाचे तीन महिने म्हणून सोडून दिलेलं मी पाहिलंय, बँकेच्या क्लायंटसाठीच्या कामावर अडकलेलंही पाहिलंय.

निवृत्त_उमरेडकर
खरं सांगितलेलं बरं. पण मूळ मार्कशीट कंपनीत जमा करू नका. दाखवा आणि परत घ्या.

पगारपत्रक
काका, हे अगदी बरोबर. पडताळणी बोर्डाकडून आणि विद्यापीठाकडूनच होते, एजन्सीला स्कॅन प्रत पुरते.

बिनधास्त_वऱ्हाडी
माह्यावालं एक राहिलं. माझ्या भावाने पहिल्या नोकरीचे पीएफचे आणि पेन्शनचे पैसे दोन्ही काढून घेतले होते, १०सी भरून. आता त्याचा मूळ पगार १८ हजार आहे. त्याने फॉर्म ११ मध्ये पेन्शनला "हो" लिहायचं का "नाही"?

सीए_फायनलवाला
पेन्शन काढली म्हणजे सभासदत्व संपलं. मग तो नवा सभासद आणि १५ हजारांच्या वर, म्हणजे पेन्शन नाही. मी तरी असं वाचतो.

पगारपत्रक
मीही असंच धरते, पण आमच्या दोन सल्लागारांनी दोन उत्तरं दिली आहेत. काढल्याचा तपशील आणि पासबुक घेऊन तुकडोजी चौकाजवळच्या पीएफ ऑफिसला विचारा आणि उत्तर लेखी घ्या. फॉर्मवर यूएएन आणि जुना खाते क्रमांक मात्र द्यायचाच.

बिनधास्त_वऱ्हाडी
लेखी देतात का ते तिथं?

पगारपत्रक
तक्रार पोर्टलवर प्रश्न टाकला की उत्तर तिथेच लेखी येतं. खिडकीवर विचारलं तर तोंडी.